शाळेची व्हॅन मध्येच बंद करायची असेल तर: पहिल्यांदाच व्हॅन लावलेल्या पालकांसाठी

व्हॅन लावायला पाच मिनिटं लागतात. जूनमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी नंबर टाकतं, आपण फोन करतो, काका म्हणतात "हो मॅडम, तुमच्याच लेनमध्ये येतो मी", ॲडव्हान्स जीपे करतो आणि झालं. बंद करायची वेळ येते तेव्हा मात्र कळतं की कुठेच काही लिहिलेलं नाही, डिपॉझिट परत मिळणार का माहीत नाही, दुसऱ्या व्हॅनमध्ये जागा नाही, आणि काकांना आपलं घर, मुलाची वेळ, सगळं माहितीये त्यामुळे वाकडं बोलायचीही भीती वाटते. ज्यांचं मूल पहिल्यांदाच व्हॅनने जातंय आणि आता गाडी चालवणं बघून किंवा रोजच्या उशिराला कंटाळून सोडायचं ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. सगळं पुण्याच्या हिशोबाने आहे, पण महाराष्ट्रात बाकी ठिकाणी पण साधारण असंच चालतं, फक्त फीचे आकडे बदलतात.

आधी उशीर का होतो ते शोधा

बहुतेक पालक दोन वेगळ्या तक्रारी करतात, एक म्हणजे व्हॅन उशिरा येते आणि दुसरी म्हणजे काका फार जोरात चालवतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा ही एकच तक्रार असते. आपण रोज "काका आज पण उशीर" असा मेसेज टाकतो आणि काका तो उशीर रस्त्यावर भरून काढतात, म्हणजे राँग साइड, सिग्नल तोडणं, दार नीट लागायच्या आधी गाडी सुटणं. थोडक्यात आपणच त्यांना अजून जोरात चालवायला लावत असतो. त्यामुळे उशिरावरून भांडायच्या आधी त्यांचं सकाळचं टाइमटेबल काढा.

माझ्या चुलत बहिणीचं उदाहरण देते, ती धायरीला राहते, मुलगा तिसरीत, शाळा कर्वेनगरच्या बाजूला. व्हॅनची वेळ सांगितली होती ७:०५, शाळेचं गेट ७:४० ला बंद. तिने काकांना सहज गप्पा मारत विचारलं की आमच्या आधी कुठली मुलं सोडता, तर कळलं की त्याच बाजूच्या दुसऱ्या एका शाळेची पहिली ट्रिप आहे, ती मुलं ६:५० ला उतरतात. आता हिशोब करा. ६:५० ला तिथून निघून परत धायरीला यायला सकाळच्या रिकाम्या रस्त्यावर पण वीस मिनिटं, म्हणजे ७:१०. मग नऊ स्टॉप, एका स्टॉपला दीड मिनिट धरलं (दप्तर आत, मूल आत, दार बंद, गाडी चालू) तर १३-१४ मिनिटं, ७:२४ झाले. तिथून राजाराम पुलावरून शाळेत जायला परत वीस मिनिटं, ७:४४. गेट बंद ७:४० ला. म्हणजे सगळं सुरळीत असलं, एकही मूल बूट शोधत बसलं नाही, तरीही चार मिनिटं कमीच पडतात, आणि बहिणीच्या मुलाचा तिसरा स्टॉप म्हणजे त्याला ७:०५ ला गाडी मिळणं शक्यच नव्हतं. ही चार मिनिटं आणि वरची जी काही गडबड होईल ती रोज वेगातूनच निघणार.

हा हिशोब आपला आपण कागदावर करून बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. वेळ मुळातच बसत नसेल तर काका कितीही चांगले असू देत, कितीही समजावलं तरी काही होणार नाही, सोडायची तयारी सुरू करा. वेळ बसतेय पण तरी उशीर होतोय, म्हणजे रस्ता खोदलाय, एका घरचं मूल रोज पाच मिनिटं उशिरा खाली येतंय, असं काही असेल तर मात्र बोलून सुटतं, व्हॅन बदलायची गरज नाही.

दुपारचा उशीर वेगळा मोजा हं. सकाळचा उशीर आपल्या डोळ्यासमोर होतो, मूल आपल्याजवळ असतं. दुपारी व्हॅन पंचवीस मिनिटं उशिरा आली तर तेवढा वेळ मूल गेटच्या बाहेर रस्त्यावर उभं असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. मला विचाराल तर सकाळच्या उशिरापेक्षा हा जास्त गंभीर.

दोन आठवडे नोंद ठेवा

"रोजच उशीर करता" असं म्हटलं की काका म्हणणार "नाही हो मॅडम, एखादा दिवस झाला असेल". म्हणून शाळेचे साधारण दोन आठवडे मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. फार काही लागत नाही, तारीख, सांगितलेली वेळ, आलेली वेळ आणि बघितलेली एखादी गोष्ट. बहिणीच्या नोंदी अशा होत्या:

५ नोव्हें. – वेळ ७:०५, आली ७:१६. दार उघडं असतानाच गाडी हलली.
७ नोव्हें. – आली ७:२१. पुढच्या सीटवर काकांच्या शेजारी दोन मुलं. काका फोनवर.
११ नोव्हें. – दुपारी शाळा १:०० ला सुटली, व्हॅन १:२६ ला गेटवर (दुसऱ्या आईने सांगितलं).

लक्षात घ्या, यात कुठेच "बेजबाबदार" वगैरे शब्द नाहीत, फक्त काय दिसलं ते आहे आणि जे स्वतः बघितलं नाही तिथे कोणी सांगितलं तेही आहे. पुढे शाळेत किंवा आरटीओत अर्ज द्यायचा झाला तर हेच जसंच्या तसं कामाला येतं. गाडीच्या मागे आपली गाडी घेऊन पाठलाग करू नका, त्यात आपणच धडकू. त्यापेक्षा एक दिवस शाळेच्या गेटवर जाऊन उभं राहा आणि किती मुलं उतरतात ते मोजा, लांबून एक फोटो घ्या ज्यात नंबरप्लेट आणि उतरणारी मुलं दिसतील. दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे असलेले फोटो ग्रुपवर मात्र टाकायचे नाहीत, त्यावरून भलतंच भांडण सुरू होतं.

बघायचं काय तर स्पीड आपल्याला बाहेरून नीट कळत नाही, पण बाकीच्या गोष्टी कळतात. सरकतं दार कोण लावतं, मोठं माणूस की मूलच? मूल उतरल्यावर गाडीच्या पुढून जातं की मागून, आणि ते बाजूला झालंय हे बघून गाडी हलते की तशीच? सोसायटीच्या गल्लीत रिव्हर्स घेताना मागे कोणी उभं राहतं का? लहान मूल बंपरच्या जवळ उभं असलं तर ड्रायव्हरच्या सीटवरून दिसतच नाही, म्हणून मला हायवेच्या वेगापेक्षा घरासमोरच्या त्या दहा फुटांची जास्त काळजी वाटते. मागच्या भागात सीएनजीची टाकी आणि तिच्यावर फळी टाकून मुलं बसवलीत का तेही एकदा डोकावून बघा.

मुलाला विचारायचं, पण असं नाही

"काका फास्ट चालवतात का रे?" असं विचारलं तर मूल एक तर नाही म्हणेल नाहीतर खुशीत हो म्हणेल, कारण त्याला मजा येते. काका ओरडतील असं वाटलं तरी गप्प बसतात. साधे प्रश्न विचारा, जेवताना वगैरे. आज तुझ्या शेजारी कोण होतं? पुढे कोण बसलं? कोणी कोणाच्या मांडीवर बसलं होतं का? आज काकांना फोन आला होता का? ब्रेक लागला तेव्हा कोण पडलं? बहिणीच्या मुलाने या शेवटच्या प्रश्नाला इतक्या सहज दोन मित्रांची नावं सांगितली की तिला त्याच दिवशी निर्णय घ्यावासा वाटला. आणि एक, मुलाकडून काकांना निरोप पाठवायचा नाही, "आई म्हणाली उद्यापासून मी येणार नाही" हे मुलाच्या तोंडून जाता कामा नये.

गाडीचे कागद पाच मिनिटांत बघता येतात

पहिलं म्हणजे नंबरप्लेट. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं असतील तर गाडी भाड्याने माणसं न्यायला रजिस्टर झालेली आहे. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खाजगी गाडी, ती पैसे घेऊन मुलं नेऊ शकत नाही. अशा कितीतरी इको आणि ओम्नी शाळांबाहेर दिसतात आणि आपण रंगाकडे बघतच नाही. यात खरा धोका असा की उद्या काही झालं तर खाजगी गाडी धंद्यासाठी वापरली म्हणून इन्शुरन्स कंपनी हात वर करू शकते.

मग mParivahan ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. फिटनेस कधीपर्यंत आहे, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, गाडी कुठल्या प्रकारात रजिस्टर आहे, हे दिसतं. सीटिंग किती ते आरसीवर असतं आणि त्यात ड्रायव्हर धरलेला असतो, म्हणजे ७ सीटची गाडी म्हणजे ६ मुलं. लहान मुलांना थोडी सवलत असते वगैरे वाद काका घालतील, त्यात पडू नका, ७ सीटच्या गाडीत १४ मुलं कुठल्याच हिशोबात बसत नाहीत. मोटार वाहन कायद्यात जास्तीच्या प्रत्येक प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे आणि जास्तीचे प्रवासी उतरवल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही असंही आहे. परमिटशिवाय गाडी चालवली तर दंड थेट १०,००० चा आहे. हे आकडे काकांना ऐकवायला सांगत नाहीये, प्रकरण किती गंभीर धरलं जातं ते आपल्याला कळावं म्हणून.

काही बाबतीत नोटीस, हिशोब काही नाही, त्याच दिवशी बंद

काका किंवा बदली ड्रायव्हर प्यायलेला वाटला, मूल मध्येच भलत्याच ठिकाणी उतरवलं, कोणाला विचारल्याशिवाय अनोळखी माणूस गाडी चालवायला पाठवला, मुलाला मारलं, किंवा मूल अंगाला हात लावण्याबद्दल काही बोललं, तर खालचं काहीही वाचत बसू नका. मूल त्या गाडीत परत बसवायचं नाही, शाळेला लगेच कळवायचं, आणि गरज असेल तसं ११२ किंवा मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन. पैशांचं नंतर बघता येतं.

एकदा बोला, पण मुद्द्याचं

बाकी प्रकरणात एक संधी द्यायला हरकत नाही, फक्त सकाळी गाडी उभी असताना खिडकीतून बोलू नका, बाकीची मुलं ऐकतात, काकांना घाई असते आणि त्यांचा अपमान झाला की सगळं संपतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास फोन करा. "तुम्ही रॅश चालवता" असं म्हणायच्या ऐवजी करता येण्यासारखं काहीतरी मागा. उदाहरणार्थ "काका, दार लागल्याशिवाय गाडी हलवू नका आणि चालवताना फोन घेऊ नका, उशीर होणार असेल तर तुमच्या मिसेसना ग्रुपवर टाकायला सांगा, मी पाच मिनिटं थांबेन पण घाई करू नका." हे बोलणं झाल्यावर दोन ओळींचा व्हॉट्सॲप टाकून ठेवा, "काका, आत्ता बोललो त्याप्रमाणे दार आणि फोनचं बघा, धन्यवाद." हा मेसेज पुढे फार उपयोगी पडतो, कारण आपण आधी सांगितलं होतं याचा तोच पुरावा.

आठवडाभर बघा. फोन आणि दाराची सवय लगेच सुटू शकते. मुलांची संख्या आणि दोन ट्रिप मात्र सुटत नाहीत, कारण त्यांचं महिन्याचं गणितच त्यावर असतं, गाडीचा हप्ता, सीएनजी, सगळं. तिथे "बघतो मॅडम" असं उत्तर आलं तर ते नाही असंच समजा. बहिणीला पण हेच उत्तर आलं होतं.

दुसरी सोय आधी, निरोप नंतर

रागात बंद करून सोमवारी सकाळी मूल दारात दप्तर घेऊन उभं आणि नेणारं कोणी नाही, असं नको. मध्ये दोन-तीन आठवडे कोण नेणार हे आधी ठरवा, आजोबा, बाबांनी ऑफिस थोडं उशिरा गाठणं, त्याच शाळेतल्या शेजारच्या मुलाच्या आईबरोबर आळीपाळी, दुपारी पाळणाघरातून कोणी आणायला जातं का. आळीपाळी करणार असाल तर आठवड्याचे दिवस लिहूनच वाटून घ्या, "जमेल तसं" ठेवलं की तिसऱ्या दिवशी गोंधळ होतो.

नवीन व्हॅन बघताना जुन्याच चुकीच्या गोष्टी परत घेऊ नका. काका आधी फी सांगतील, तुम्ही आधी विचारा की आमच्या आधीची ट्रिप किती वाजता संपते, गाडीत एकूण मुलं किती, माझ्या मुलाचा स्टॉप कितवा. वरचा कागदावरचा हिशोब तिथेच उभ्या उभ्या करा. गाडीत मदतनीस ताई आहेत का बघा, महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत मदतनीस सांगितलाय आणि मुली असतील तर बाई मदतनीस. तीन महिन्यांचे पैसे एकदम देऊ नका, पहिले दोन महिने महिन्याच्या महिन्याला देते म्हणा, चांगले व्हॅनवाले बहुतेक ऐकतात. आणि सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, डिपॉझिट परत मिळतं का, मे महिन्याचे पैसे लागतात का, ही तीन उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, त्यांनी नुसतं "ओके" टाकलं तरी चालेल. स्वस्त आहे म्हणून पांढऱ्या प्लेटच्या गाडीत परत जाऊ नका एवढं मात्र ठामपणे सांगते.

कळवायचं कसं

आधी फोन, मग मेसेज. नुसता मेसेज टाकला तर काकांना वाईट वाटतं आणि पुढे पैशाच्या वेळी ते आठवतं, नुसता फोन केला तर नंतर "तुम्ही असं बोललाच नव्हता" होतं. मेसेज ग्रुपवर नाही, पर्सनल. कारण एका ओळीत, पूर्ण यादी वाचून दाखवायची नाही. बहिणीने पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार काका, फोनवर बोलल्याप्रमाणे सोमवार सकाळपासून आमचा मुलगा व्हॅनने येणार नाही, जाताना नाही आणि येतानाही नाही. वेळ आणि गाडी चालवण्याबद्दल आपलं आधी बोलणं झालं होतं, त्यात फरक पडला नाही म्हणून बंद करतोय. हिशोब ३० नोव्हेंबरपर्यंत धरा. डिसेंबरची फी आणि डिपॉझिट मिळून किती परत मिळतील ते कृपया कळवा. शाळेत आणि गेटवर आम्ही कळवतोय, त्याला गेटवरून आमच्या घरचेच नेतील. आतापर्यंत नेलं-आणलं त्याबद्दल धन्यवाद."

"जाताना नाही आणि येतानाही नाही" हे मुद्दाम लिहिलंय. काही काकांना वाटतं फक्त सकाळची बंद आणि दुपारी ते सवयीने मुलाला गाडीत बसवतात. "विचार करतोय", "बघू" असले शब्द घालू नका, नाहीतर रोज सकाळी गाडी दारात येऊन हॉर्न देणार आणि दोन्हीकडे चिडचिड. काका रागावून फोनवर बोलायला लागले तर "मी मेसेज केलाय काका, त्यावर कळवा" एवढंच. त्यांचं पण एका मुलाचं उत्पन्न वर्षाच्या मध्ये जातंय, चिडणं साहजिक आहे, पण ते आपण मुलाच्या सुरक्षिततेतून भरून द्यायचं नाही.

पैशांचं

आता बहिणीचा हिशोब सांगते कारण बहुतेकांचा असाच असतो. फी महिन्याला २,४००, ऑक्टोबर ते डिसेंबरचे ७,२०० एकदम दिलेले, आणि जूनमध्ये एक महिन्याचं डिपॉझिट २,४००. सांगितलं १५ नोव्हेंबरला, मुलगा सोमवारपासून गेला नाही पण हिशोब तिने स्वतःहून ३० तारखेपर्यंत धरला. म्हणजे परत मागितले डिसेंबरचे २,४०० आणि डिपॉझिट २,४००, एकूण ४,८००. काका म्हणाले आमच्याकडे महिनाभर आधी सांगायचा नियम आहे. लिहिलेलं कुठेच नव्हतं. तरी त्यांच्या हिशोबाने महिना म्हणजे १५ डिसेंबरपर्यंत, मग अर्ध्या डिसेंबरचे १,२०० त्यांचे, उरले ३,६००. तिने ३,६०० ला हो म्हटलं आणि दोन हप्त्यात जीपेवर घेतले. नवऱ्याचं म्हणणं होतं की पूर्ण घ्यायचे, चूक त्यांची आहे. तेही बरोबरच आहे, जी सेवा नीट दिलीच नाही तिची नोटीस कसली मागायची. पण १,२०० रुपयांसाठी महिनाभर फोनाफोनी करण्यापेक्षा तिने केलं ते मला पटलं.

दिवाळीच्या सुट्टीचे किंवा व्हॅन न आलेल्या दिवसांचे पैसे सहसा कोणी कापून देत नाही, ते मागण्यात वेळ घालवू नका. पण पुढच्या महिन्याची घेतलेली फी परत न देणं हे वेगळं. अजिबात उत्तर येत नसेल तर एक शेवटचा मेसेज, रक्कम, हिशोब आणि अमुक तारखेपर्यंत द्या असं लिहून. तरी नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि आपण राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो, दोन वर्षांच्या आत. पण खरं सांगायचं तर अशा रकमेसाठी तारखा करण्यापेक्षा १९१५ पर्यंतच जावं, जास्त रक्कम अडकली असेल तर पुढे बघावं. पैसे रोख दिले असतील तर निदान आता "जूनमध्ये डिपॉझिट दिलं होतं ते" असा उल्लेख करून मेसेज टाका, त्यांनी त्यावर काही उत्तर दिलं की तोच कागद.

शाळेत सांगायला विसरू नका

हे काम सगळ्यात जास्त राहून जातं. वर्गशिक्षिकांना डायरीत लिहून द्या की अमुक तारखेपासून मूल व्हॅनने जाणार नाही, कोण न्यायला येणार त्यांची नावं आणि फोन. दुपारी व्हॅनची मुलं वेगळ्या रांगेत बसवतात अशा शाळेत हे नाही सांगितलं तर मूल सवयीने त्याच रांगेत जाऊन बसतं आणि तुम्ही गेटवर शोधत राहता. आयकार्डवर व्हॅन नंबर किंवा काकांचा फोन छापलेला असेल तर तो बदलून घ्या किंवा निदान वर स्टिकर लावा. गेटवरच्या वॉचमन काकांना पहिले दोन-तीन दिवस प्रत्यक्ष भेटा. मुलाला पण एक वाक्य पक्कं करून द्या, "माझी व्हॅन बंद झाली, मला आजोबा नेणार आहेत, मी इथेच थांबतो." मित्र त्याच व्हॅनमध्ये असतात, "चल ना" म्हणतात, आणि मूल चढतंच.

तक्रार करायची का

आपलं मूल निघालं तरी बाकीची तेरा मुलं त्याच गाडीत आहेत, त्यामुळे माझं मत करावी असंच आहे, पण आपलं मूल बाहेर पडल्यावर आणि हिशोब पूर्ण झाल्यावर. "पैसे द्या नाहीतर आरटीओत जाते" असं चुकूनही म्हणू नका किंवा लिहू नका, त्याने तक्रारच खोटी वाटायला लागते आणि उलट तुमच्यावर धमकी दिल्याचा आरोप येतो.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना. बऱ्याच शाळा म्हणतात व्हॅन खाजगी आहे, आमचा संबंध नाही. तेव्हा शांतपणे विचारा की शाळेची परिवहन समिती आहे ना, तिच्याकडे ही गाडी नोंदवलेली आहे का. २०११ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत अशी समिती असायला हवी, अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि त्यात पालक-शिक्षक संघाचे, वाहतूक पोलिसांचे आणि आरटीओचे लोक असतात. हा प्रश्न लेखी विचारला की उत्तराचा सूर बदलतो असा अनुभव आहे. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, नुसतं टेबलावर ठेवून येऊ नका. पीटीएतल्या एखाद्या पालकाला बरोबर घेतलं तर अजून बरं, एकट्या आईचा अर्ज "वैयक्तिक भांडण" म्हणून बाजूला ठेवणं सोपं असतं.

शाळेने काही केलं नाही तर आरटीओ किंवा वाहतूक पोलीस. अर्जात गाडीचा नंबर, प्लेटचा रंग, रस्ता, वेळा, तारखांसकट तुमच्या नोंदी आणि गेटवरचा फोटो. "मुलांच्या जीवाशी खेळ" वगैरे लिहायची गरज नाही. "७ सीटच्या गाडीत १४ मुलं, सकाळी ७:१५ ते ७:४५, अमुक रस्ता" एवढं असलं की तपासणी पथकाला कुठे आणि कधी उभं राहायचं ते कळतं. हेच आपले सरकार पोर्टलवर पण टाकता येतं, तिथे टोकन नंबर मिळतो तो जपून ठेवा.

व्हॅनच्या ग्रुपमधून बाहेर पडायची घाई करू नका. शेवटचा हप्ता खात्यात आला की आधी ग्रुपचं आणि काकांचं पर्सनल चॅट, दोन्ही एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा, व्हॅनमध्ये राहिलेली छत्री, डबा, स्वेटर असेल ते मागून घ्या, आणि मग काही न लिहिता बाहेर पडा. बाकीचे पालक फोन करून विचारतातच, त्यांना तो ६:५० चा हिशोब सांगा आणि त्यांच्या मुलाचा स्टॉप कितवा आहे ते विचारा.